कच्चा लिंबू
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘मुलांवरील संस्कार’. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे या विषयावर मी तासभर सहज बोलू शकते, पण तुम्ही तासभर ऐकणार नाही. म्हणून मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती आपल्या सी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीची आहे.

जुन्या मंडळींना आठवत असेल. मे महिना होता, संध्याकाळची वेळ. कंपाउंडमध्ये क्रिकेट चाललं होतं आणि चेंडू थेट काचेवर गेला. मुलं पांगली. पाचेक मिनिटांनी नऊ वर्षांचा एक मुलगा जिना चढून वर गेला, बेल वाजवली आणि म्हणाला, “काकू, माझा शॉट होता.” त्याच्या वडिलांनी काचेचे पैसे भरले. गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण त्या आठवड्यात समितीची मीटिंग होती. पार्किंगवरून आधीच सगळे तापलेले होते आणि त्या तापात ठराव झाला की कंपाउंडमध्ये मुलांना खेळायला बंदी. सगळ्याच मुलांना. नोटीस बोर्डावर लागली. त्या नोटिशीवर सही करणाऱ्यांत मीही होते, हे आधी सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर मी बसले होते. मुलं नुसतीच उभी होती. मास्तरणीचा स्वभाव काही जात नाही. मी त्यांना एक गोष्ट सांगितली.

गोष्ट माझी नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये ज्याँ पियाजे नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. मुलं चांगलं-वाईट कसं ठरवतात, यावर त्यांचं पुस्तक १९३२ साली आलं. त्यात ते मुलांना दोन मुलांची गोष्ट सांगतात. एकाला जेवायला हाक मारली. त्याने दार ढकललं. दारामागे खुर्चीवर ट्रे होता, ट्रेमध्ये पंधरा कप होते, त्याला ते माहीतच नव्हतं. पंधराही कप फुटले. दुसरा मुलगा आई घरात नसताना कपाटातला मुरंबा चोरून खायला खुर्चीवर चढला आणि त्याच्या हाताने एक कप फुटला. आता सांगा, जास्त वाईट कोण?

ए विंगमधल्या पाच वर्षांच्या मुलाने लगेच सांगितलं, “पंधरावाला.” का रे? “पंधरा फुटले ना!” त्याची दहा वर्षांची बहीण त्याला हसली. म्हणाली, “अरे वेड्या, त्याने मुद्दाम केलं का? त्याला तर माहीतच नव्हतं.” पियाजेंना त्यांच्याकडची मुलं जे सांगत होती, तेच हे भिवंडीतल्या टाकीच्या कट्ट्यावर ऐकायला मिळालं. लहान मूल नुकसान मोजतं, हेतू नाही. साधारण सात ते नऊ या वयात हळूहळू हे उलटं होतं आणि मूल विचारू लागतं की मनात काय होतं.

इथे आपल्याकडेच बघा. मूल नळाखाली स्टीलचा पेला आपटतं, तेव्हा आपण म्हणतो, “हळू रे.” तेच मूल पाहुण्यांसाठी पाणी नेताना काचेचा ग्लास पाडतं, तेव्हा आपण ओरडतो. म्हणजे मदत करताना झालेली चूक मोठी आणि मस्तीतली छोटी, कारण काच महाग. नुकसान मोजायला मूल थोडं आपल्याकडूनही शिकतं. पियाजेंनाही असंच वाटत होतं.

या वयाची आणखी एक गंमत आहे. मुलं मानतात की शिक्षा आपोआप होते. चोरी करून पळणारा मुलगा कुजक्या फळीवरून पाण्यात पडला, तर लहान मूल म्हणतं की चोरी केली म्हणून फळी मोडली. चोरी केली नसती तर? तर मोडली नसती! हे ऐकून आपल्याला हसू येतं. पण मूल धावताना पडलं की आपणच काय म्हणतो? “बघ, आईचं ऐकलं नाहीस ना, म्हणून पडलास. देवबाप्पाने शिक्षा केली.” फळीला चोरी कळते हे आपणच शिकवतो.

तर पहिली पायरी ही. वाईट म्हणजे ज्याला शिक्षा होते ते, आणि चांगलं म्हणजे मोठ्यांनी सांगितलेलं. या वयाच्या मुलाला “का नाही मारायचं?” असं विचारलं तर “बाई ओरडतात” हेच उत्तर बहुतेक वेळा येतं. म्हणून मूल लबाड आहे असं समजू नका. त्याला अजून दुसऱ्याच्या खिडकीतून बघता येत नाही, इतकंच.

पियाजेंनी केलेली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. मोठा प्राध्यापक माणूस, पण मुलांबरोबर गोट्या खेळायला बसला. त्यांना म्हणाला, “मला हा खेळ येत नाही, शिकवा.” मग विचारत राहिला. हा नियम कुणी केला? तो बदलता येईल का? बदललेला नियम खरा असेल का? लहान मुलांची उत्तरं अशी की नियम पूर्वीपासून आहेत, मोठ्यांनी किंवा देवाने केलेत, बदलता येत नाहीत. आणि गंमत म्हणजे नियम इतके पवित्र मानणारी हीच मुलं खेळताना ते सर्रास मोडतात. कळतही नाही त्यांना. प्रत्येक जण आपापला खेळतो आणि शेवटी सगळेच जिंकतात. दहा-बारा वर्षांची मुलं मात्र म्हणतात, सगळ्यांना मान्य असेल तर नियम बदलू. आणि एकदा बदलला की तो काटेकोर पाळतात. म्हणजे नियम आपला झाला की तो पाळायची ताकद येते.

आता आपल्या अंगणात या. लहान भाऊ-बहीण खेळायला आले आणि त्यांना नियम कळत नसले, तर आपली मुलं काय करतात? ‘कच्चा लिंबू’. खेळात घ्यायचं, बॅटिंगही द्यायची, पण आउट झाला तरी आउट नाही, आणि पकडापकडीत त्याच्यावर राज्य नाही. हा शब्द कुठल्या पुस्तकातून आला नाही. मुलांनीच ओळखलंय की अमुक वयापर्यंत पोराला नियमाचा अर्थ कळत नाही, म्हणून त्याला नियम लावायचा नाही, पण त्याला बाहेरही काढायचं नाही. पियाजेंना पानंच्या पानं लिहावी लागली ते हे. आपल्या कंपाउंडमध्ये मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी बोलणारी मुलं एकत्र खेळतात. भांडणं चार भाषांत होतात, पण कच्चा लिंबू सगळ्यांना कळतो.

त्या संध्याकाळनंतर मी रोज बाकावर बसू लागले. खेळाला बंदी होती, पण मुलं गच्चीवर, जिन्यात खेळत होतीच. वय वाढतं तशी न्यायाची भाषा कशी बदलते, ते तिथे बघायला मिळालं. सात-आठ वर्षांच्यांत हिशोब रोखठोक: “त्याने मला काल आउट दिलं नाही, म्हणून मी पण देणार नाही.” मग नऊ-दहाच्या सुमारास येते ती कडक समानता. प्रत्येकाला सहा म्हणजे सहाच चेंडू. एखाद्याच्या पायाला लागलं असलं तरी सहाच. या वयात मुलं “हे फेअर नाही” इतक्या वेळा म्हणतात की आपण वैतागतो. पण त्यांच्यासाठी हा मोठा शोध असतो, कारण आता ती आईबाबांनाही हा नियम लावून बघतात. “दादाला मोबाइल, मला का नाही?” हा उद्धटपणा नाही. मोठ्यांच्या शब्दाच्या वर काहीतरी आहे हे त्याला पहिल्यांदा दिसलेलं असतं. आणि अकरा-बाराला एखादी मुलगी म्हणते, “त्याचा हात फ्रॅक्चर होता ना, त्याला दोन बॉल जास्त देऊ.” सगळ्यांना सारखं देणं आणि ज्याची जशी गरज तसं देणं, हा फरक तिला कळलेला असतो.

पियाजेंनंतर अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्ग यांनी हेच काम पुढे नेलं. त्यांनी १९५८ साली शिकागो विद्यापीठात प्रबंध लिहिला, दहा ते सोळा वर्षांच्या मुलग्यांशी बोलून. त्यांची एक गोष्ट फार गाजली. बायको मरणाच्या दारात आहे, औषध एकाच दुकानदाराकडे आहे, तो अवाच्या सवा किंमत मागतोय, नवऱ्याकडे निम्मेच पैसे जमलेत. त्याने औषध चोरावं का? कोलबर्ग सांगत, मूल हो म्हणतं की नाही याला महत्त्व नाही, ‘का’ ला आहे. “नको, पोलीस पकडतील” आणि “चोर, नाहीतर सासरे मारतील” ही दोन उलटी उत्तरं एकाच पायरीवरची, कारण दोन्हींत शिक्षेची भीतीच आहे.

मी ही गोष्ट मुलांना सांगितली नाही. आमच्याजवळ आमचीच गोष्ट होती, कारण तीन आठवड्यांनी दुसरी काच फुटली. बी विंगच्या जिन्यातली. या वेळी कोणीही वर गेलं नाही. वॉचमननी विचारलं, सेक्रेटरींनी विचारलं, मीही विचारलं. “माहीत नाही.” बारा मुलं, एकच उत्तर.

दोन-तीन दिवसांनी मी काच कोणी फोडली हे विचारणं सोडलं आणि वेगळंच विचारलं: ज्याला माहीत आहे त्याने सांगावं का? सहा वर्षांचा म्हणाला, “नाही, मग मला मारतील.” आठ वर्षांचा म्हणाला, “त्याने माझं नाव कधी सांगितलं नाही, मी पण नाही सांगणार.” दहा वर्षांची म्हणाली, “सांगितलं तर सगळे मला चुगलखोर म्हणतील.” तेरा वर्षांचा, जो एरवी फारसा बोलत नाही, म्हणाला, “आजी, मागच्या वेळी त्याने स्वतः जाऊन सांगितलं होतं. काय झालं? पैसेही घेतले आणि सगळ्यांचं खेळणंही बंद केलं. मग सांगून काय उपयोग?”

चारही मुलं गप्पच बसली होती, पण चार वेगवेगळ्या कारणांनी. पहिल्याला भीती, दुसऱ्याला देणंघेणं, तिसरीला आपल्या माणसांत चांगलं म्हणवून घेणं, आणि चौथ्याला न्याय. चौथ्याला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते. नोटिशीवर माझी सही होती.

लोकमान्य टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. वर्गात टरफलं पडली होती, गुरुजींनी सगळ्यांना शिक्षा केली आणि लहानग्या बाळने ती घ्यायला नकार दिला, असं सांगतात. मी ती गोष्ट वर्षानुवर्षं ‘बाणेदारपणा’ म्हणून शिकवली. पण ती मुळात सरसकट शिक्षेबद्दल आहे. पियाजेंनीही मुलांना हाच प्रश्न विचारला होता. दोषी कोण ते कळलं नाही तर सगळ्या वर्गाला शिक्षा करावी का? लहान मुलं हो म्हणायची, कारण गुन्हा झाला म्हणजे कोणाला तरी शिक्षा व्हायलाच हवी. मोठी मुलं अडखळायची. निर्दोषाला शिक्षा होणं हे त्यांना दोषी सुटण्यापेक्षा वाईट वाटायचं. म्हणजे आमची समिती, सरासरी वय बावन्न, सहा वर्षांच्या मुलाच्या पायरीवर उभी होती. (हशा पिकला तरी हरकत नाही, समितीत मीही होते.)

मग काय केलं? जनरल बॉडीत मी विषय मांडला आणि एक महिन्याची मुदत मागून घेतली. मुलांनी नियम करायचे, समितीने फक्त वाचायचे. मुलांनी पहिला कागद आणला तो बघून मी हादरले. काच फोडली तर एक वर्ष बंदी. आउट असून नाही म्हटलं तर एक महिना बंदी. उशिरा आलं तर आठवडाभर बॅटिंग नाही. लहान मुलांच्या हाती कायदा दिला की तो असाच येतो. त्यांनी आयुष्यात पाहिलेला नियम म्हणजे शिक्षाच ना!

मी एकच प्रश्न विचारला: हाच कागद तुमच्यावर चालवला तर? दुसऱ्या कागदाला चार दिवस लागले. त्यातल्या दोन गोष्टी मला अजून आठवतात.

एक म्हणजे वेळ. दुपारी दोन ते पाच आवाज नाही. मी विचारलं, हे कोणी सुचवलं? आठवीतल्या मुलीने सांगितलं, “लूमवर नाईट करणारे काका झोपलेले असतात. माझे पप्पाही.” समितीच्या नोटिशीत ‘रहिवाशांना त्रास’ असा शब्द होता. मुलांच्या कागदावर झोपलेली माणसं होती.

दुसरी गोष्ट काचेची. काच फुटली तर पैसे एकट्याने भरायचे नाहीत. त्या दिवशी जे खेळत होते त्या सगळ्यांनी वाटून भरायचे, कारण “मोठा मार असं सगळेच ओरडतात.” कच्च्या लिंबूंनी भरायचे नाहीत. हिशोबही त्यांनीच करून दाखवला. काच सातशे वीसची, खेळणारे अकरा, त्यांतले दोन कच्चे लिंबू, राहिले नऊ, प्रत्येकी ऐंशी रुपये. आणि फोडणाऱ्याने वर जाऊन सांगायचं, पण त्याच्याबरोबर कॅप्टनने जायचं.

बघा, आम्हीही सगळ्यांना जबाबदार धरलं होतं आणि मुलांनीही सगळ्यांनाच धरलं. पण आम्ही लादलं, त्यांनी ते आपणहून घेतलं. शिवाय त्यांनी खरं सांगणाऱ्याला एकटं पाडलं नाही. दुसऱ्या काचेचे पैसे त्याच आठवड्यात पाकिटात घालून आले. कोणी फोडली ते मी विचारलं नाही, अजूनही माहीत नाही.

हे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. दहाव्या दिवशी भांडण झालं. दोन ते पाचचा नियम ज्याने कागदावर लिहिला, तोच तीन वाजता बॉल आपटताना सापडला. न्यायाबद्दल सुंदर बोलणारं मूल तसंच वागेल याची खात्री नसते. पायऱ्यांच्या या अभ्यासाची ही मर्यादा मोठी आहे, कारण तो बोलण्याचा अभ्यास आहे. वयंही घड्याळासारखी नसतात. एकच मूल शाळेत अकरा वर्षांचं असतं आणि धाकट्या भावाबरोबर पाच वर्षांचं.

कोलबर्ग यांच्यावर आणखी आक्षेप आले. त्यांच्या सहकारी राहिलेल्या कॅरोल गिलिगन यांनी १९८२ साली पुस्तक लिहून सांगितलं की हा अभ्यास मुलग्यांवर उभा आहे, त्यात नियमाला मान आहे, पण कोणाला दुखावू नये या विचाराला पुरेसा नाही. इतर संशोधकांनी दाखवलं की तीन-चार वर्षांचं मूलही आपण समजतो तितकं भोळं नसतं. घरी करून बघा. विचारा, “बाईंनी परवानगी दिली तर वर्गात चप्पल घालून बसायचं का?” बहुतेक मुलं हो म्हणतील. मग विचारा, “बाईंनी परवानगी दिली तर शेजारच्याला मारायचं का?” तिथे बरीच मुलं नाही म्हणतात. कारण धड सांगता येत नाही, पण चपलेचा नियम आणि मारण्याचा नियम वेगळा, हे त्यांना कळतं.

अर्थात ही रेषा सगळीकडे एकाच जागी नसते. रिचर्ड श्वेडर आणि मनमोहन महापात्र यांनी सहकाऱ्यांसह ओडिशात भुवनेश्वरला अभ्यास केला, तो १९८७ साली छापून आला. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे तिथल्या मुलांनाही फार गंभीर वाटलं. अमेरिकेतल्या मुलांना त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. सुतक पाळणाऱ्या आपल्या घरांना यात काय नवल? पण एकाच मजल्यावर चार तऱ्हेची घरं असताना आपला कोणता नियम ‘आमच्या घरची रीत’ आणि कोणता ‘कोणालाही न करण्याजोगं’, हे मुलाला वेगळं करून सांगावं लागतं. नाहीतर शेजारच्या घरातलं जेवण त्याला पाप वाटू लागतं. हे माझं मत आहे, पटलं नाही तर खाली चहाच्या वेळी भांडू.

तो कागद आता लॅमिनेट करून मीटररूमच्या दारावर लावलाय, तुम्ही येता-जाता बघताच. मूळ सात नियमांपैकी तीनच शिल्लक आहेत, बाकीचे मुलांनी बदलले. पहिला कागद लिहिणाऱ्यांतली दोन मुलं आज नोकरीसाठी बाहेरगावी आहेत.

परवाची एक गोष्ट सांगते आणि खाली बसते. डी विंगमधला सात वर्षांचा एक जण कॅप्टनकडे गेला आणि म्हणाला, “मला कच्चा लिंबू नको, मला पक्का करा.” मीटिंग बसली, बॅट-बॉल बाजूला ठेवून. कॅप्टन म्हणाली, “मग आउट झालास तर आउट. रडायचं नाही.” चालेल. “आणि काच फुटली तर तुला पण पैसे.” तो थांबला. घरी गेला. मला वाटलं, आता काही येत नाही. दहा मिनिटांनी परत आला, मुठीत दहाची नोट. म्हणाला, “आईने इतकेच दिले. बाकीचे फुटल्यावर देतो.”